कमिटी बरखास्तीचा अर्ज करण्याआधी: हौसिंग सोसायटीच्या सभासदासाठी

उपनिबंधक कार्यालयात रोज येणाऱ्या तक्रारअर्जांचा एक ठरलेला साचा असतो. चौदा पानं. पहिल्या पानावर टाकीच्या पाण्याचा प्रश्न, तिसऱ्यावर पार्किंग, पाचव्यावर सेक्रेटरी कसे उर्मटपणे बोलले त्याची हकिगत, मध्येच गेल्या दिवाळीच्या रोषणाईचा खर्च. आणि शेवटच्या पानावर, जाड अक्षरात: ‘तरी सदर कमिटी तात्काळ बरखास्त करून प्रशासक नेमण्यात यावा, ही विनंती.’ कार्यालय हा अर्ज ‘खुलासा करावा’ असं लिहून सोसायटीकडे पाठवतं. सोसायटी ‘आरोप निराधार आहेत’ असं दोन ओळींत कळवते. फाईल बंद होते. अर्जदार म्हणतो, सगळे मिळालेले आहेत.

कधी मिळालेले असतातही. पण बहुतेक वेळा अर्जच असा असतो की निबंधकाला त्यावर काही करता येत नाही. बरखास्ती हा त्याच्या हातातला सगळ्यात शेवटचा आणि सगळ्यात अरुंद दरवाजा आहे. त्याच्या आधी तीन-चार दरवाजे आहेत, आणि त्यांतून गेलेल्या माणसाचीच फाईल शेवटी वजनदार होते. हा लेख महाराष्ट्रातल्या हौसिंग सोसायटीपुरता आहे, म्हणजे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेल्या संस्थेचा. बहुराज्यीय संस्थांना केंद्राचा वेगळा कायदा आहे आणि सहकारी बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँक मध्ये येते. ते इथे धरलेलं नाही.

‘निबंधक’ हा शब्द कायद्यात एकवचनी असला तरी प्रत्यक्षात ती उतरंड आहे. वर पुण्याला सहकार आयुक्त व निबंधक, त्यांच्या खाली विभागीय सहनिबंधक, मग जिल्हा उपनिबंधक, आणि तालुक्याला सहायक निबंधक. मुंबईत वॉर्डनिहाय उपनिबंधक आहेत. तुमचा पहिला अर्ज सर्वात खालच्या कार्यालयात जातो. थेट आयुक्तांना किंवा मंत्र्यांना लिहिलेलं पत्र फिरत फिरत पुन्हा तिथेच येतं, फक्त महिनाभर उशिरा.

पहिलं काम: तक्रारीची दोन गठ्ठ्यांत विभागणी

एक कागद घ्या आणि सगळ्या तक्रारी सुट्या लिहा. मग प्रत्येकीपुढे एकच प्रश्न विचारा: यात कमिटीने कायद्याने, नियमाने किंवा उपविधीने लादलेलं कर्तव्य केलेलं नाही, की माझा आणि सोसायटीचा हक्कावरून वाद आहे?

वार्षिक सभा घेतली नाही, लेखापरीक्षण करून घेतलं नाही, इतिवृत्त लिहिलं नाही, दप्तर दाखवलं नाही, मुदत संपूनही निवडणूक घेतली नाही, ही कर्तव्यं आहेत. ती निबंधकाकडे जातात. ‘ही पार्किंगची जागा माझी’, ‘सभेत झालेला ठराव बेकायदा आहे’, ‘माझ्यावर लावलेलं नॉन-ऑक्युपन्सी शुल्क चुकीचं आहे’ हे वाद आहेत. ते कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जातात, आणि दिवाणी न्यायालयाला कलम १६३ ने तिथे मज्जाव आहे. निवडणुकीच्या निकालाला आव्हान द्यायचं तर तेही सहकार न्यायालयात, आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत. ही मुदत लोक सर्रास चुकवतात, कारण तोवर ते उपनिबंधकाच्या कार्यालयात खेटे घालत असतात.

दुसऱ्या गठ्ठ्यातली एकही गोष्ट निबंधकाच्या अर्जात ठेवू नका. ‘हा वाद सक्षम न्यायालयाच्या कक्षेतील आहे’ हे वाक्य लिहून संपूर्ण अर्ज निकाली काढायला ती एक गोष्ट पुरते.

एक उदाहरण धरू

साठ सदनिकांची सोसायटी, साठ सभासद, अकरा जणांची कमिटी. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपलं. कलम ७५ प्रमाणे वार्षिक सर्वसाधारण सभा सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत व्हायला हवी. झाली नाही. गेल्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल कुणी पाहिलेला नाही. मधल्या काळात इमारतीच्या रंगकामाचं अठरा लाखांचं काम एका ठेकेदाराला दिलं गेलं. कोटेशन किती आली, कुणाची आली, कुणाला माहीत नाही. आता आपण त्या इमारतीतले एक सभासद आहोत.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सेक्रेटरींना एक पानी पत्र द्यायचं. तीनच मागण्या: वार्षिक सभेची तारीख कळवावी, लेखापरीक्षण अहवाल व त्यावरचा दोषदुरुस्ती अहवाल दाखवावा, रंगकामाची कोटेशन, कमिटीचा ठराव आणि बिलं यांच्या प्रती नियमाप्रमाणे शुल्क घेऊन द्याव्यात. दप्तर पाहण्याचा आणि प्रती मिळण्याचा हक्क सभासदाला आहे, त्यासाठी कमिटीच्या मर्जीची गरज नाही. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या: सही, तारीख, सोसायटीचा शिक्का. मॅनेजर ‘साहेबांना विचारून देतो’ म्हणाला तर वाद घालू नका, त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती पत्राच्या मागे टाचा. व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘मी मागितलं होतं’ हे लिहून ठेवणं म्हणजे पोच नव्हे. सुनावणीत अधिकारी पहिल्यांदा हात पुढे करतो तो त्या शिक्क्याच्या कागदासाठी.

तीन आठवड्यांनी एक स्मरणपत्र. त्यातही नवीन तक्रार नको, ‘दिनांक अमुकच्या पत्राचे उत्तर मिळालेले नाही’ एवढंच.

इथे एक आडवाट आहे, ती फार थोडे लोक वापरतात. सहकारी संस्था माहिती अधिकाराच्या कायद्याखाली सार्वजनिक प्राधिकरण नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये केरळमधल्या थलप्पलम सेवा सहकारी बँकेच्या प्रकरणात सांगितलं. त्यामुळे सोसायटीला माहिती अधिकाराचा अर्ज करून उपयोग नाही. पण त्याच निकालात हेही आहे की निबंधक सार्वजनिक प्राधिकरण आहे, आणि कायद्याने जी माहिती तो संस्थेकडून मागवू शकतो ती त्याच्याकडून मागता येते. म्हणून उपनिबंधक कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याला अर्ज करा: या सोसायटीने कलम ७९ खाली दाखल केलेली विवरणपत्रं, लेखापरीक्षण अहवाल आणि दोषदुरुस्ती अहवाल यांच्या प्रती द्याव्यात. दोनपैकी एक होतं. एक तर अहवाल हाती येतो, किंवा ‘सदर संस्थेने विवरणपत्रे सादर केल्याचे आढळून येत नाही’ असं लेखी उत्तर येतं. हे दुसरं उत्तर कधीकधी अहवालापेक्षा जास्त कामाचं असतं, कारण कसूर आता निबंधकाच्याच कार्यालयाने लिहून दिलेली असते.

दुसरं काम: सभा आणि दप्तर, बरखास्ती नव्हे

नोव्हेंबरमध्ये उपनिबंधकांना पहिला अर्ज. यात ‘बरखास्त’ हा शब्द येऊ द्यायचा नाही. मजकूर साधारण असा:

‘संस्थेचे आर्थिक वर्ष ३१ मार्च रोजी संपले. कलम ७५ प्रमाणे ३० सप्टेंबरपूर्वी वार्षिक सर्वसाधारण सभा घेणे बंधनकारक असताना ती आजअखेर घेतलेली नाही. याबाबत संस्थेस दिलेली दोन पत्रे (पोचेसह) सोबत जोडली आहेत. तरी कलम ७५ अन्वये सभा बोलावण्याची व्यवस्था करावी, सभा न बोलावण्यास जबाबदार असलेल्या पदाधिकाऱ्यांवर कलम ७५ (५) खाली कार्यवाही करावी, तसेच कलम ७९ अन्वये विवरणपत्रे व लेखापरीक्षण अहवाल सादर करण्याचे निर्देश द्यावेत.’

तीन मागण्या, तीन कलमं, दोन सहपत्रं. हा अर्ज वाचायला अधिकाऱ्याला चार मिनिटं लागतात आणि नाकारायला कारण सापडत नाही.

या कलमांत ताकद किती आहे ते पाहा. मुदतीत सभा झाली नाही तर निबंधक स्वतः किंवा त्याने अधिकार दिलेली व्यक्ती ती बोलावू शकते, आणि खर्च सोसायटीच्या खात्यातून. सभा बोलावणं ज्यांचं काम होतं त्या पदाधिकाऱ्यांना आणि कमिटी सदस्यांना, सबळ कारण नसेल तर, कलम ७५ (५) खाली पाच वर्षांपर्यंत निवडून येण्यास आणि पदावर राहण्यास अपात्र ठरवता येतं. अर्थात त्यांचं म्हणणं ऐकून घेतल्यावरच. कलम ७९ खाली संस्थेने करायची गोष्ट मुदतीत केली नाही तर निबंधक ती दुसऱ्याकडून करवून घेऊन खर्च वसूल करू शकतो. दप्तरात फेरफार होण्याची किंवा ते नष्ट होण्याची भीती खरोखर असेल, तर कलम ८० खाली ते ताब्यात घेण्याचा आदेशही निघतो. मात्र त्यासाठी ‘मला वाटतं’ चालत नाही. ‘अमुक तारखेला इतिवृत्ताची वही पाहिली तेव्हा ऑगस्टची पानं कोरी होती’ असं काहीतरी ठोस लागतं.

आपल्या उदाहरणात उपनिबंधकांनी सोसायटीला नोटीस काढली, डिसेंबरमध्ये सुनावणी ठेवली. चेअरमन म्हणाले, ऑडिटर आजारी होते. आदेश झाला की तीस दिवसांत सभा घ्या. ती झाली नाही. जानेवारीच्या अखेरीस कार्यालयाने नेमलेल्या अधिकाऱ्याने सभा बोलावली. त्या सभेत हिशोब मांडायला कुणी उभंच राहिलं नाही. खजिनदार म्हणाले, वह्या सी.ए. कडे आहेत.

हे लिहून घ्या, म्हणजे शब्दशः इतिवृत्तात लिहून घ्या. ‘हिशोबाबाबत चर्चा झाली’ असं गुळमुळीत वाक्य येऊ घातलं तर तिथेच उभं राहून हरकत घ्या.

जाता जाता: तुम्हाला कमिटीला निव्वळ जाब विचारायचा असेल तर कलम ७६ ची विशेष सर्वसाधारण सभाही आहे. एक पंचमांश सभासदांनी, किंवा उपविधीत त्याहून कमी आकडा असेल तर तेवढ्यांनी, लेखी मागणी केली की कमिटीला महिनाभरात सभा बोलवावी लागते. आपल्या साठांत बारा सह्या. उपयुक्त आहे, पण पैशांचा प्रश्न त्याने सुटत नाही.

तिसरं काम: चौकशी

रंगकामाच्या अठरा लाखांसाठी वेगळी वाट आहे, आणि सर्वाधिक गफलत इथेच होते. कमिटी गेली म्हणजे पैसे परत येतील असं लोकांना वाटतं. बरखास्तीच्या आदेशाने एक रुपयाही परत येत नाही. पैशांची वाट कलम ८३ वरून सुरू होते आणि कलम ८८ ला पोचते.

कलम ८३ खाली निबंधक संस्थेची घटना, कामकाज आणि आर्थिक स्थिती यांची चौकशी करतो. स्वतःहून करू शकतो, लेखापरीक्षकाच्या विशेष अहवालावरून करू शकतो, किंवा एक पंचमांश सभासदांच्या अर्जावरून. पुन्हा बारा सह्या. पण बारावर थांबू नका, पंधरा-सोळा घ्या. सह्यांची छाननी होते तेव्हा एकाची सदनिका पत्नीच्या नावावर निघते, दुसऱ्याचं भाग प्रमाणपत्र अजून वडिलांच्या नावावर असतं, तिसरा भाडेकरू निघतो, आणि चौथा कमिटीने चहाला बोलावल्यावर ‘मी न वाचता सही केली’ असं पत्र देतो. प्रत्येक सहीपुढे सदनिका क्रमांक आणि भाग प्रमाणपत्राचा क्रमांक लिहिलेला असला की निम्मा वाद मिटतो.

अर्जात मुद्दे नेमके द्या: रंगकामाची निविदा प्रक्रिया, ठेकेदाराला दिलेल्या रकमांच्या तारखा आणि त्या त्या तारखेला झालेलं काम, कमिटीच्या सभांची इतिवृत्तं. ‘एकूण कारभाराची चौकशी’ मागितली तर अधिकारी एकूण कारभाराबद्दल एकूण तीन पानं लिहून देतो.

आपल्या उदाहरणात चौकशी अधिकाऱ्याला आढळलं की बारा लाख काम सुरू होण्याआधीच दिले गेले, कोटेशन एकच होतं, आणि ज्या ठरावाचा हवाला दिला जात होता त्या तारखेला कमिटीची सभा झाल्याची नोंद नाही. असा अहवाल आला की कलम ८८ खाली कुणी किती नुकसान केलं ते व्यक्तिशः निश्चित करून वसुलीचा आदेश होऊ शकतो. व्यक्तिशः, हा शब्द महत्त्वाचा. अकराही जणांवर सरसकट नाही. ज्याने सही केली, ज्याने धनादेश काढला, त्याच्यावर. लेखापरीक्षकाला अपहार दिसला तर त्याने विशेष अहवाल द्यायचा असतो आणि त्यावरून गुन्हाही नोंदवला जाऊ शकतो. हा सगळा प्रवास सावकाश चालतो, हे मनाशी धरून चला.

चौथं काम: आता कलम ७८अ

इथवर आलात की तुमच्याकडे पोचेची दोन पत्रं, न पाळलेला आदेश, अधिकाऱ्याने घेतलेल्या सभेचं इतिवृत्त आणि चौकशी अहवाल आहे. बरखास्तीच्या मागणीला आता आधार आहे.

कलम ७८अ नुसती नाराजी ओळखत नाही. कमिटी कर्तव्यात कसूर किंवा हयगय करते, संस्थेच्या किंवा सभासदांच्या हिताला बाधक कृत्य करते, गंभीर आर्थिक अनियमितता किंवा अपहार आढळले आहेत, सभांना कायम गणपूर्ती होत नाही, कामकाज ठप्प झालं आहे किंवा होण्याच्या बेतात आहे, अशा स्वरूपाची कारणं लागतात. आणि शेवटी निबंधकाला असा निष्कर्ष काढावा लागतो की नोटिशीतले आरोप सिद्ध झाले आणि कायदा, नियम, उपविधी यांप्रमाणे कारभार चालवणं आता शक्य नाही. एखादी चूक झाली आणि ती सुधारली गेली, यावर हा निष्कर्ष उभा राहत नाही.

प्रक्रिया अशी. आरोप लिहिलेली कारणे दाखवा नोटीस. लेखी म्हणणं मांडायला १५ दिवस. मग सुनावणी. मग संस्था ज्या संघीय संस्थेशी संलग्न असेल, म्हणजे हौसिंग सोसायटीच्या बाबतीत बहुधा जिल्ह्याचं हौसिंग फेडरेशन, तिच्याशी विचारविनिमय. तिने ४५ दिवसांत मत कळवायचं, नाही कळवलं तर हरकत नाही असं धरायचं. शेवटी कारणांसह लेखी आदेश.

ही पायरी-पायरी कंटाळवाणी वाटते, पण आदेश टिकतो की पडतो ते इथेच ठरतं. मध्य प्रदेशातल्या पन्ना जिल्हा सहकारी बँकेचं संचालक मंडळ बरखास्त करताना तिथल्या कायद्याने सांगितलेला रिझर्व्ह बँकेशी विचारविनिमय नीट झाला नव्हता. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द ठरवला आणि जुनं मंडळ परत बसवलं. म्हणून तक्रारदार असलात तरी नोटीस, पोच, फेडरेशनला गेलेलं पत्र या सगळ्याच्या तारखा फाईल तपासून टिपून ठेवा. घाईत काढलेला आदेश मिळाला म्हणून पेढे वाटणारे लोक चार महिन्यांनी त्याच कमिटीला परत खुर्चीत बसलेलं पाहतात.

आता सगळ्यात अडचणीचा मुद्दा. ९७ व्या घटनादुरुस्तीमागोमाग २०१३ मध्ये राज्याच्या कायद्यात मोठा बदल झाला, आणि ज्या संस्थेत सरकारचं भागभांडवल, कर्ज, रोखीची आर्थिक मदत किंवा हमी नाही तिला बरखास्ती लागू नाही, अशी अट आली. बहुतेक हौसिंग सोसायट्यांत सरकारचा असा पैसा नसतो. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या घटनादुरुस्तीतला सहकाराचा भाग राज्यातल्या संस्थांपुरता रद्द केला, पण त्यामुळे राज्याच्या कायद्यातला मजकूर आपोआप बदलला नाही. समोरचा वकील पहिला मुद्दा हाच काढतो. म्हणून अर्ज करायच्या दिवशी कलम ७८अ चा त्या दिवशी लागू असलेला मजकूर, सगळ्या परंतुकांसह, काढून वाचा. बाजारातलं जुनं पुस्तक चालणार नाही.

आणि फक्त ७८अ वर भिस्त ठेवू नका. आपल्या उदाहरणात नेमकं हेच झालं. कमिटीने सरकारी पैशांचा मुद्दा काढला आणि ७८अ ची सुनावणी लांबत गेली. पण नोव्हेंबरच्या अर्जातली ७५ (५) ची मागणी जिवंत होती. सभा न बोलावल्याबद्दल सात जण अपात्र ठरले. अकरांतले चार उरले. चौघांत गणपूर्ती होईना. रिकाम्या जागा स्वीकृत सदस्यांनी भरायच्या तरी त्यासाठी कमिटीची वैध सभा हवी, आणि ती भरेना. कमिटी अशी कामच करू शकत नसेल, किंवा मुदत संपूनही नवी कमिटी आली नसेल, तर कलम ७७अ लागतं: निबंधक सोसायटीच्या फलकावर नोटीस लावून हरकती मागवतो आणि कारभारासाठी प्राधिकृत अधिकारी किंवा सभासदांची तात्पुरती कमिटी नेमतो. ज्याला लोक ‘प्रशासक आला’ म्हणतात तो हौसिंग सोसायट्यांत पुष्कळदा ७८अ ने नव्हे, या ७७अ च्या वाटेने आलेला असतो.

प्रशासक आल्यावर

७८अ खाली तीन किंवा अधिक सभासदांची कमिटी (बरखास्त झालेल्यांना वगळून) किंवा प्रशासक नेमला जातो, तोही सहा महिन्यांपेक्षा जास्त काळासाठी नाही. त्याचं खरं काम एकच: रोजचा कारभार चालवणं आणि निवडणूक घडवणं. पुनर्विकासाचा विकासक निवडणं, मोठी कंत्राटं देणं, असले निर्णय तो घेऊ लागला तर लगेच लेखी हरकत घ्या. त्याचं मानधन सोसायटीच्या खिशातून जातं, हेही आधी माहीत असावं.

पहिल्याच आठवड्यात दप्तर हस्तांतराची यादी मागा. कुठल्या वह्या मिळाल्या, बँकेच्या कोणत्या खात्यांच्या सह्या बदलल्या, मुदत ठेवींच्या पावत्या किती. जुनी कमिटी ‘सगळं दिलं’ म्हणते आणि सहा महिन्यांनी ठेवीची एक पावती सापडत नाही, हा फार जुना खेळ आहे. आणि निवडणुकीला उभे राहणारे सात-आठ लोक आतापासून तयार ठेवा. अडीचशेपर्यंत सभासदांच्या सोसायटीला आपली निवडणूक नियमांप्रमाणे स्वतः घेता येते, त्यामुळे प्रक्रिया जड नाही. जड असतं ते उमेदवार मिळणं. उमेदवारच नसले की प्रशासक राहतो, किंवा जुनेच लोक नव्या नावाने येतात.

आदेश विरुद्ध गेला तर

आदेश हातात आल्यावर आधी त्यात कोणत्या कलमाखाली तो काढला आहे ते पाहा. कलम १५२ मध्ये अपिलाला पात्र आदेशांची कलमवार यादी आहे. ७७अ, ७८अ, ७९, ८८ त्यात येतात. तुमचं कलम यादीत असेल तर आदेश मिळाल्यापासून दोन महिन्यांच्या आत अपील. उपनिबंधक किंवा सहायक निबंधकाचा आदेश असेल तर ते सहसा विभागीय सहनिबंधकांकडे. आदेश खुद्द आयुक्तांचा असेल तर राज्य शासनाकडे. कलम यादीत नसेल, उदाहरणार्थ ८३ ची चौकशी नाकारली, तर कलम १५४ खाली पुनरीक्षण अर्ज, मुदत तीच दोन महिन्यांची. मुदत आदेशावरच्या तारखेपासून नव्हे, तो तुम्हाला मिळाल्यापासून मोजली जाते, म्हणून पाकीटसुद्धा जपून ठेवा. त्यावरचा टपालाचा शिक्का तुमचा पुरावा आहे.

हाच रस्ता अन्यायाने हटवलेल्या कमिटीलाही आहे, आणि तिने अपिलासोबत स्थगितीचा अर्ज त्याच दिवशी द्यायला हवा. नुसतं अपील दाखल केल्याने आदेश थांबत नाही. तक्रारदार म्हणून तुम्ही जिंकला असाल तर वरच्या कार्यालयात कॅव्हेट टाकून ठेवा, नाहीतर तुम्हाला न ऐकताच स्थगिती मिळून जाते.

आणि आदेशच झाला नाही तर? हे सगळ्यात नेहमीचं दुखणं. नोव्हेंबरचा अर्ज मार्चपर्यंत टेबलावरच. तेव्हा आधी स्मरणपत्र, मग त्याच कार्यालयाला माहिती अधिकारात एक प्रश्न: अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर कोणत्या तारखांना काय कार्यवाही झाली, टिपणीच्या प्रतींसह द्यावी. पुष्कळदा या प्रश्नाचं उत्तर यायच्या आधी सुनावणीची नोटीस येते. तरीही हललं नाही तर विभागीय सहनिबंधकांकडे लेखी तक्रार, आणि शेवटी मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका. तिथे ‘कमिटी बरखास्त करा’ असं मागू नका. अपिलाची वाट उपलब्ध असताना उच्च न्यायालय सहसा स्वतः त्यात शिरत नाही. ‘माझा प्रलंबित अर्ज अमुक मुदतीत निकाली काढण्याचे निर्देश द्यावेत’ एवढीच मागणी करा. ती मान्य होण्याची शक्यता कितीतरी जास्त असते, आणि मुदतीची तारीख असलेला तो कागद उपनिबंधकाच्या टेबलावर गेला की आवक बारनिशीतला तुमचा क्रमांक लगेच सापडतो.